गुणायचं की भागायचं? फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या एककांचा एकत्र सराव

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. अकरावीला सायन्स घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात दोन तास लागोपाठ झाले. फिजिक्सच्या सरांनी सांगितलं, काहीही असो, आधी सगळं मीटर, किलोग्रॅम, सेकंदात आणा. पुढच्या तासाला केमिस्ट्रीच्या बाईंनी आकारमान लिटरमध्ये घेतलं, दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि अणूची त्रिज्या पिकोमीटरमध्ये. मी दोन वह्यांत दोन वेगवेगळ्या युक्त्या पाठ केल्या. पहिल्या चाचणीत पाऱ्याची घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरवरून किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये करायची होती. माझं उत्तर आलं 1.36 × 10⁻⁸. सरांनी पेपर देताना एवढंच विचारलं, "पारा हवेपेक्षा हलका असतो का गं?"

मला घातांकांची बेरीज येत होती. चूक अशी झाली की कुठे गुणायचं आणि कुठे भागायचं हे मी आठवून ठरवत होते. आता मी अकरावीच्या मुलांना शिकवते आणि दर जूनमध्ये हीच चूक वह्यांमध्ये दिसते. म्हणून दोन्ही विषयांची गणितं एकाच कागदावर, एकाच पद्धतीने कशी सोडवायची ते इथे क्रमाने देते. आकडेमोड तुम्ही पेपरात जशी लिहाल तशीच, इंग्रजी अंकांत आणि चिन्हांत ठेवली आहे.

## १. सोबत काय घ्यायचं

कोरे कागद आडवे धरून वापरा. रूपांतराची ओळ लांब जाते, आणि उभ्या कागदावर ती मधेच मोडली की काटायची एककं दोन ओळींत विखुरतात. पेन्सिल हवी, कारण एककं काटताना रेघ मारायची आहे. लॉग टेबल हवं. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा सराव कॅल्क्युलेटरवर करून उपयोग नाही. आणि एक छोटा कागद, ज्यावर पुढच्या पायरीतला तक्ता तुम्ही स्वतःच्या हाताने लिहाल. छापील तक्ता चिकटवू नका. हाताने लिहिताना लहान m आणि मोठा M यांतला फरक एकदा तरी डोळ्यांखालून जातो.

## २. उपसर्गांचा तक्ता: दहाच, पण पक्के

एसआय पद्धतीत आज एकूण २४ उपसर्ग आहेत. शेवटचे चार तर २०२२ साली आले. तुम्हाला अकरावी-बारावीत रोज लागतात ते दहा:

```
G  गिगा   10^9        d  डेसि    10^-1
M  मेगा   10^6        c  सेंटि   10^-2
k  किलो   10^3        m  मिली    10^-3
h  हेक्टो  10^2        µ  मायक्रो 10^-6
p  पिको   10^-12      n  नॅनो    10^-9
```

यात हेक्टो पाहून मुलं म्हणतात, हा कुठे वापरतात? घरातला सातबारा काढा. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेलं असतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि त्याला हेक्टो लागला की शंभर आर, म्हणजे हेक्टर. तो उपसर्ग तुमच्या घरात आधीपासून आहे.

तक्ता पाठ करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. उपसर्ग हा वेगळा शब्द नाही, ती एक संख्या आहे. 589 nm दिसलं की n पुसून त्या जागी 10⁻⁹ लिहायचं: 589 × 10⁻⁹ m. इथे काही "बदलत" नाही, तीच गोष्ट उलगडून लिहिली जाते. एसआय एककात येण्याच्या अर्ध्या अडचणी एवढ्यानेच संपतात. अपवाद किलोग्रॅमचा. मूलभूत एककांपैकी फक्त त्याच्याच नावात उपसर्ग बसलेला आहे, त्यामुळे ग्रॅमवरून एसआयमध्ये जाताना 10⁻³ जास्तीचा लागतो. फिजिक्सच्या सूत्रात ग्रॅम तसेच ठेवले की उत्तर हजारपट चुकतं, आणि ही चूक फार सहज होते.

## ३. "एक"ने गुणायचं

आता मुख्य पद्धत. 1 km = 1000 m आहे. मग 1000 m भागिले 1 km किती? वर आणि खाली एकच लांबी आहे, म्हणजे उत्तर १. कुठल्याही राशीला १ ने गुणलं तर ती बदलत नाही. रूपांतर म्हणजे एवढंच: अशा "एक"ने गुणत जायचं आणि नको असलेलं एकक काटायचं.

ताशी ७२ किलोमीटर घ्या.

```
72 km/h × (1000 m / 1 km) × (1 h / 3600 s)
= 72 × 1000 / 3600  m/s
= 20 m/s
```

पहिल्या कंसात km खाली ठेवला, कारण तो आधी वर आहे आणि त्याला काटायचं आहे. दुसऱ्या कंसात h वर ठेवला, कारण तो आधी खाली आहे. कुठे गुणायचं, कुठे भागायचं हा प्रश्न उरतच नाही. तुम्ही फक्त एककाची जागा पाहता. चुकून उलटा अपूर्णांक लिहिलात तर km काटला जाणार नाही, km² होईल, आणि कागदच तुम्हाला सांगेल की चुकलात.

मुलं इथे एक घाई करतात. "५/१८ ने गुणा" हे त्यांना पाठ असतं, त्यामुळे ही ओळ लिहायचा कंटाळा येतो. या एका गणितापुरतं ५/१८ चालेल. पण त्याच हाताने ज्यूलवरून इलेक्ट्रॉन-व्होल्टवर जायचं असेल तेव्हा पाठ केलेला आकडा नसतो, आणि ओळ लिहायची सवयही नसते. म्हणून सोप्या गणितातही पूर्ण ओळ लिहा. निदान पहिले दोन आठवडे.

## ४. चौरस आणि घन: जिथे सगळे घसरतात

गावाकडे जमीन गुंठ्यात मोजतात. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. याचे चौरस मीटर किती? एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. बरेच जण १०८९ ला ०.३०४८ ने गुणतात आणि ३३२ लिहितात. पण काटायचे आहेत ft², म्हणजे फूट दोन वेळा. म्हणून तो "एक"ही दोन वेळा घ्यायला हवा.

```
1089 ft² × (0.3048 m / 1 ft)²
= 1089 × 0.0929 m²
≈ 101.2 m²
```

म्हणजे एक गुंठा हा एक आरपेक्षा किंचित मोठा. गावात बोलताना "गुंठा" आणि सातबाऱ्यावरचा "आर" जवळजवळ सारखेच समजतात, त्याचं कारण हे. ३३२ आलं असतं तर तीन गुंठ्यांची जमीन एका गुंठ्यात बसली असती.

उपसर्गांचंही तसंच, आणि तिथे ते जास्त लपून बसतं. cm³ म्हणजे "सेंटि घनमीटर" नव्हे. तो (cm)³ आहे. घात उपसर्गासकट सगळ्यावर लागतो.

```
1 cm³ = (10^-2 m)³ = 10^-6 m³
1 mm² = (10^-3 m)² = 10^-6 m²
1 nm³ = (10^-9 m)³ = 10^-27 m³
```

आता माझा तो पारा:

```
13.6 g/cm³ × (1 kg / 10^3 g) × (1 cm / 10^-2 m)³
= 13.6 × 10^-3 × 10^6  kg/m³
= 13600 kg/m³
```

चाचणीत मी 10⁶ च्या जागी 10⁻⁶ घेतलं होतं. घन सेंटिमीटर खाली आहे हे मी पाहिलंच नव्हतं, फक्त "cm³ चे m³ करताना 10⁻⁶" हे आठवलं होतं.

उत्तर बरोबर आहे का हे कसं ओळखायचं? गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. हजार लिटर म्हणजे एक घनमीटर. ती भरलेली असेल तर आतलं पाणी एक टन, म्हणजे हजार किलो. म्हणून पाण्याची घनता १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि हजार किलो प्रति घनमीटर, दोन्ही एकच. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे तीच टाकी पाऱ्याने भरली तर साडेतेरा टनांच्या पुढे. हवेची घनता घनमीटरमागे सव्वा किलोच्या आसपास असते. घनतेचं कुठलंही उत्तर आलं की या तीन आकड्यांशेजारी ठेवून बघा.

## ५. सराव-कागद

हे सात प्रश्न मुद्दाम मिसळलेले आहेत. फिजिक्सचे सगळे एका बाजूला आणि केमिस्ट्रीचे दुसऱ्या बाजूला ठेवले की चौथ्या गणितापर्यंत हात आपोआप चालायला लागतो आणि एकक पाहिलंच जात नाही. खालची उत्तरं पाहायच्या आधी सगळे एकदा सोडवा. प्रत्येकासाठी ओळ पूर्ण लिहा, काटलेली एककं पेन्सिलीने काटा.

१. सोन्याची घनता 19.3 g/cm³ आहे. kg/m³ मध्ये किती?

२. 0.1 mol/L तीव्रतेचं 250 mL सोडियम हायड्रॉक्साइड करायचं आहे. मोलर वस्तुमान 40 g/mol. किती ग्रॅम लागेल? आणि हीच तीव्रता mol/m³ मध्ये किती?

३. घरातल्या प्लग पॉइंटची तांब्याची वायर 2.5 mm² ची आहे. छेदाचं क्षेत्रफळ m² मध्ये लिहा.

४. वायू स्थिरांक R = 0.08206 L·atm/(mol·K). तो J/(mol·K) मध्ये आणा.

५. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी 589 nm. एका फोटॉनची ऊर्जा J मध्ये, eV मध्ये, आणि एका मोल फोटॉनची kJ मध्ये काढा.

६. पाण्याची विशिष्ट उष्मा 4.18 J/(g·°C). ती J/(kg·K) मध्ये लिहा.

७. विमानात 22300 kg इंधन हवं. टाक्यांत आधीच 7682 L आहे. इंधनाची घनता 0.803 kg/L. आणखी किती लिटर भरायचं?

## ६. सोडवणूक

पहिला पाऱ्यासारखाच: 19300 kg/m³.

दुसरा. पहिल्या भागात मिलीलिटरचे लिटर केले नाहीत तर उत्तर १००० ग्रॅम येतं. पाव लिटर पाण्यात किलोभर कॉस्टिक सोडा! बाटली डोळ्यांसमोर आणली तर ही चूक तिथेच पकडली जाते.

```
250 mL × (1 L / 1000 mL) × (0.1 mol / 1 L) × (40 g / 1 mol)
= 1.0 g
0.1 mol/L × (1 L / 10^-3 m³) = 100 mol/m³
```

इथे mol/L आणि g/mol याही राशी "एक"सारख्याच वापरल्या, हे बघा. एका विशिष्ट द्रावणापुरतं 0.1 mol म्हणजे 1 L, एवढंच. मोलची सगळी गणितं याच साखळीत बसतात, वेगळं सूत्र लागत नाही.

तिसरा. 2.5 × 10⁻⁶ m². दुकानात आणि इलेक्ट्रिशियनच्या तोंडी ती "अडीच एमएमची वायर" असते, त्यामुळे मुलं तिची जाडी अडीच मिलीमीटर समजतात आणि 2.5 × 10⁻³ लिहितात. अडीच हे क्षेत्रफळ आहे, जाडी नव्हे. आतलं तांबं एकसंध गोल तार असतं तर व्यास १.८ मिलीमीटरच्या जवळ आला असता. रोधाच्या सूत्रात क्षेत्रफळ छेदात असतं, तेव्हा ही एक चूक उत्तर हजारपट बिघडवते.

चौथा. हा मला सगळ्यांत आवडतो, कारण केमिस्ट्रीचा ०.०८२ आणि फिजिक्सचा ८.३१ हे दोन वेगळे स्थिरांक आहेत असं मी कित्येक महिने समजत होते.

```
0.08206 L·atm/(mol·K) × (10^-3 m³ / 1 L) × (101325 Pa / 1 atm)
= 8.315 Pa·m³/(mol·K)
```

आता Pa·m³ म्हणजे काय? पास्कल म्हणजे N/m². त्याला m³ ने गुणलं की N·m उरतं, आणि तोच ज्यूल. म्हणून उत्तर 8.315 J/(mol·K), पुस्तकात 8.314. शेवटच्या अंकातला फरक पुढचे अंक सोडून 0.08206 ही जवळची किंमत घेतल्यामुळे आला. तुमच्या पुस्तकात 0.0821 असेल तर 8.319 येईल. त्याने घाबरू नका. एकक चुकलं तर फरक सहसा शेवटच्या अंकात नसतो, तो दहापट, हजारपट असतो.

R च्या दोन किमतींतून कुठली घ्यायची हेही आता एककच सांगतं. दाब पास्कलमध्ये घेऊन 8.314 वापरलात तर आकारमान घनमीटरमध्येच मिळणार. २७३ केल्विन आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला एक मोल वायू घेऊन बघा:

```
V = nRT/P = 1 × 8.314 × 273 / 101325 = 0.0224 m³
0.0224 m³ × (1 L / 10^-3 m³) = 22.4 L
```

मुलं पहिल्या ओळीवर थांबून "०.०२२४ लिटर" लिहितात. ०.०२२४ लिटर म्हणजे बावीस मिलीलिटर, कपभर चहाहूनही कितीतरी कमी. (नव्या पुस्तकांत प्रमाण दाब १ बार धरलेला असतो, तिथे २२.७ लिटर येतं. प्रश्नात कुठला दाब दिला आहे ते आधी वाचा.)

पाचवा. हा एक प्रश्न दोन्ही विषयांच्या मधोमध उभा आहे. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा असतो, केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत ज्योत-परीक्षणात मीठ धरलं की ज्योत पिवळी होते. रंग तोच. एकीकडे त्याची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सांगतात, दुसरीकडे मोलमागे किलोज्यूलमध्ये.

```
E = hc/λ
  = (6.626 × 10^-34 J·s)(2.998 × 10^8 m/s) / (589 × 10^-9 m)
```

आधी एककं: J·s गुणिले m/s भागिले m. सेकंद काटले, मीटर काटले, J उरला. आकड्याला हात लावायच्या आधीच कळलं की मांडणी बरोबर आहे. तरंगलांबी nm मध्येच ठेवली असती तर m आणि nm एकमेकांना काटू शकले नसते.

आता आकडे. इथे लॉग टेबल उघडताना दहाचे घात वेगळे काढून ठेवा, ते टेबलात घालू नका. 589 × 10⁻⁹ ला 5.89 × 10⁻⁷ लिहा. लॉग फक्त 6.626, 2.998 आणि 5.89 यांचे घ्या.

```
0.8213 + 0.4768 - 0.7701 = 0.5280   → antilog 3.373
घात: -34 + 8 - (-7) = -19
E = 3.373 × 10^-19 J
```

घात लॉगमध्ये मिसळले की बार काढलेले ऋण पूर्णांक येतात आणि अर्धी चूक तिथे होते. वेगळे ठेवले की ती तोंडी बेरीज उरते.

```
3.373 × 10^-19 J × (1 eV / 1.602 × 10^-19 J) = 2.105 eV

3.373 × 10^-19 J × (6.022 × 10^23 / 1 mol) × (1 kJ / 10^3 J)
= 203 kJ/mol
```

ज्यूलचा आकडा पाहून ही ऊर्जा मोठी की लहान हे कुणालाच कळत नाही. मोलमागे २०३ किलोज्यूल म्हटलं की केमिस्ट्रीतल्या बंधांशी ताडून बघता येतं. क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे साधारण २४३ किलोज्यूल लागतात. म्हणजे सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचा एक फोटॉन तो बंध तोडू शकत नाही. त्याला ४९२ नॅनोमीटरच्या आतला, निळसर हिरव्याच्या अलीकडचा प्रकाश हवा. हा ४९२ चा आकडा कसा आला ते स्वतः काढून बघा. पाचवा प्रश्न उलट दिशेने सोडवायचा आहे.

सहावा. उत्तर 4180 J/(kg·K). ग्रॅमचा किलो करताना हजार आला, ते ठीक. पण °C चा K करताना काही जण २७३ मिळवतात, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. तापमान रूपांतर करताना २७३.१५ मिळवायचे असतात, कारण दोन मोजपट्ट्यांचं शून्य वेगळ्या जागी आहे. पण विशिष्ट उष्मेत "°C मागे" याचा अर्थ तापमान एका अंशाने *वाढताना*. पाणी २५ अंशांवरून २६ वर गेलं काय, किंवा २९८.१५ वरून २९९.१५ केल्विनवर गेलं काय, वाढ एकच. म्हणून इथे 1 °C चा फरक = 1 K चा फरक. ओळख सोपी आहे: एकक "प्रति" च्या पुढे असेल, किंवा ΔT असेल, तर काहीही मिळवायचं नाही. वायूच्या समीकरणासारखं नुसतं T असेल तर मिळवायचं.

## ७. चिन्हं लिहिताना

हाताने लिहिताना k नेहमी लहान काढा. मोठा K म्हणजे केल्विन. M एकाच पानावर मेगा असू शकतो आणि केमिस्ट्रीत मोलर तीव्रताही. लहान m मिली, मीटर आणि मोलल. त्यामुळे मी मुलांना तीव्रता नेहमी mol/L आणि mol/kg अशीच लिहायला लावते. µ ची शेपटी खाली उतरली नाही तर तो u दिसतो किंवा घाईत m होतो, आणि मायक्रोचा मिली झाला की हजारपटीचा फरक. दवाखान्यातल्या चिठ्ठीवर याच कारणाने मायक्रोग्रॅमसाठी mcg लिहिलेलं आढळतं. तुम्ही µ स्वच्छ काढा, तेवढं पुरे.

## ८. सातवा प्रश्न

हा वेगळा ठेवला, कारण तो खरा आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. कॅनडात तेव्हा पौंडावरून किलोवर जाणं सुरू होतं, आणि हे नवं विमान किलोग्रॅममध्ये हिशेब मागत होतं. इंधन मोजायचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून टाक्यांतलं इंधन पट्टीने मोजलं: ७६८२ लिटर. त्याचे किलो करायला जो आकडा वापरला तो होता १.७७.

```
7682 × 1.77 = 13597
22300 - 13597 = 8703
8703 / 1.77 = 4917 L
```

हिशेबात आकडेमोडीची एकही चूक नाही. तेवढं इंधन भरून विमान उडालं. आता तीच गणितं एककांसह लिहा. १.७७ हे पौंड प्रति लिटर होतं.

```
7682 L × (1.77 lb / 1 L) = 13597 lb
22300 kg - 13597 lb = ?
```

दुसरी ओळ लिहिताच हात थांबतो. किलोमधून पौंड वजा होत नाहीत. बरोबर मांडणी अशी:

```
7682 L × (0.803 kg / 1 L) = 6169 kg
22300 kg - 6169 kg = 16131 kg
16131 kg × (1 L / 0.803 kg) = 20088 L
```

वीस हजार लिटरच्या जागी पाच हजारही भरले नव्हते. विमानात हव्या त्या इंधनाच्या निम्म्याहून कमी इंधन होतं. एक्केचाळीस हजार फुटांवर इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या हवाई तळाच्या धावपट्टीवर उतरवलं. कुणी दगावलं नाही.

तुमच्या कागदावर हा प्रश्न सोडवताना बेरीज-वजाबाकीच्या ओळीतही दोन्ही आकड्यांपुढे kg लिहिलं होतं का, ते आत्ता मागे जाऊन बघा. नसेल तर तिथे लिहा, आणि उरलेल्या सहा उत्तरांतही जिथे नुसता आकडा राहिला असेल तिथे पेन्सिलीने एकक भरा.